फी विचारायला फोन करावा लागू नये

प्रश्न : मी बेंगळुरूला जयनगरात राहते. घरातल्या एका खोलीत दहावीच्या सीबीएसईच्या मुलांना गणित शिकवते. यंदा जूनपासून पंधरा मुलांची नवी बॅच सुरू करते आहे. इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपवरच्या आमच्या अपार्टमेंटच्या व मराठी ग्रुपमध्ये टाकायला एक कॅरोसेल करायचं आहे. गेल्या वर्षी दहा स्लाइडचं केलं होतं, सगळी माहिती होती, तरी मेसेज एवढेच यायचे : "फी?" आणि "टायमिंग?" कोणत्या स्लाइडवर काय लिहावं? आणि फीचा आकडा उघड द्यावा का?
(एक शिक्षिका, जयनगर)

उत्तर : आकडा उघड द्या. पूर्ण द्या, आणि तिसऱ्याच स्लाइडवर द्या.

कारण सांगते. क्लासचा निर्णय बहुतेक घरांत दोन माणसं मिळून घेतात आणि ती दोघं तुमचं कॅरोसेल एकाच वेळी पाहत नाहीत. आईनं दुपारी पाहिलं की ती त्यातलं एखादं चित्र वडिलांना पाठवते, तेही ऑफिसातून घरी येताना बसमध्ये किंवा मेट्रोत उघडतात. इन्स्टाग्रामवरची एकसंध मालिका व्हॉट्सॲपवर गेली की तिची सुटी चित्रं होतात. त्यांचा क्रम राहतोच असं नाही, आणि पुढे पाठवणारा तर त्यातलं एखाददुसरंच पाठवतो. ज्या चित्रावर नुसतं "सायंकाळी ६ ते ७.१५" आहे, ते वडिलांपर्यंत पोचलं तरी त्यांना कसला क्लास, कुठे, कितवीचा, काही कळत नाही. मग ते विचारतात. गेल्या वर्षी तुमचं बहुधा हेच झालं असावं. माहिती दहा स्लाइडमध्ये होती, पण पालकाच्या हातात दोनच आल्या.

म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एक ओळ कायम ठेवा : क्लासचं नाव, "दहावी सीबीएसई गणित", "जयनगर थर्ड ब्लॉक" आणि फोन नंबर. ही ओळ सातही चित्रांवर एकाच जागी, एकाच अक्षरात. सात म्हणते, कारण याहून जास्त लागत नाहीत. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये वीस चित्रं घेतं, पण तुमच्याकडे सांगायला सातच गोष्टी आहेत.

पहिली स्लाइड पालकाला थांबवते की नाही, हे त्यात त्याचं मूल दिसतं का यावर ठरतं. "उज्ज्वल भविष्याची पहिली पायरी" यात कोणाचंच मूल दिसत नाही. असं लिहा :

स्लाइड १
"दहावी सीबीएसई गणित
नवी बॅच : मंगळवार, ९ जून २०२६ पासून
जयनगर थर्ड ब्लॉक
पंधरा मुलं, एकच शिक्षिका"

वार आणि तारीख दोन्ही द्या. "जूनपासून" एवढंच लिहिलं, तर पालक मनात "अजून वेळ आहे" म्हणतो आणि पुढे सरकतो.

दुसरी स्लाइड वेळेची. वेळ जमत नसेल तर फी कितीही असली तरी उपयोग नाही, म्हणून ती आधी. शिवाय पहिली स्लाइड पाहून जो पुढे गेला नाही, त्याला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट पुन्हा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तिथे कामाची गोष्ट असायला हवी, तुमची ओळख नव्हे.

बेंगळुरूत वेळ ठरवताना मुलाचं घड्याळ आणि रस्त्याचं घड्याळ, दोन्ही पाहावी लागतात. शाळेची बस साडेचारच्या सुमाराला सोडते, त्यानंतर मुलाला खायला आणि जरा पडायला तासभर लागतो. पाचला ठेवलेला क्लास पालकाला बघताक्षणी नको वाटतो. आठनंतरचा दहावीच्या मुलाला झेपत नाही. सहा ते सव्वासात हा काळ मुलाला बरा, पण नेमका तोच रस्त्यावरच्या गर्दीचा, म्हणून वाहनानं येणाऱ्याला तो अवघड. त्यामुळे मुलं चालत किंवा मेट्रोनं येऊ शकतील एवढ्याच परिसरात जाहिरात करा. सिल्क बोर्डच्या पलीकडच्या पालकाला हे कॅरोसेल पाठवण्यात अर्थ नाही. आठवड्यातला तिसरा तास शनिवारी ठेवणार असाल, तर सकाळी नको. काही शाळा एक सोडून एक शनिवारी अर्धा दिवस भरतात, दुपारी चारनंतर मात्र सगळीच मुलं मोकळी असतात.

स्लाइड २
"मंगळवार आणि गुरुवार : सायंकाळी ६.०० ते ७.१५
शनिवार : दुपारी ४.०० ते ५.३०
आठवड्याला एकूण ४ तास
शेवटचा तास : शनिवार, ३० जानेवारी २०२७
सुट्ट्या : जुलैत चाचणीचा आठवडा, सप्टेंबरमध्ये सहामाहीचा आठवडा, दसरा, दिवाळी
पावसामुळे तास ऑनलाइन घ्यावा लागला तर पाच वाजेपर्यंत ग्रुपवर कळवू"

शेवटच्या ओळीला मी फार किंमत देते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी जयनगरात पाऊस आला की सहाचा तास होणार का, हा प्रश्न प्रत्येक घरात एकाच वेळी उठतो. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं दिसलं, तर पालकाला कळतं की इथे कोणीतरी आधी विचार करून ठेवलाय.

आता फी. इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. आधी हिशेब कागदावर मांडा. ९ जून ते ३० जानेवारी हे ३४ आठवडे होतात. त्यातून वरच्या चार सुट्ट्यांचे चार आठवडे गेले की ३० उरतात. आठवड्याला तीन तासिका म्हणजे एकूण ९० तासिका. समजा, तुम्ही एका तासिकेचे ३०० रुपये धरता, तर वर्षाची फी झाली २७,०००. (१५ ऑगस्ट यंदा शनिवारी आणि पुढची २६ जानेवारी मंगळवारी येते, हे दोन तास त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी घ्यावे लागतील. तेही ठरवून ठेवा.)

बरेच जण हे २७,००० आठ महिन्यांनी भागून मोठ्या अक्षरात "फक्त ३,३७५ दरमहा" असं लिहितात आणि प्रत्यक्षात नऊ-नऊ हजारांचे हप्ते घेतात. पालक प्रवेशाला येतो तेव्हा खिशात साडेतीन हजार असतात आणि समोर नऊ हजारांची पावती. त्या क्षणी गेलेला विश्वास पुढे आठ महिन्यांतही परत येत नाही. दरमहा घेणार असाल तरच दरमहा लिहा.

माझा सल्ला हप्त्यांचा, आणि हप्ते तासिकांना बांधलेले. दहा आठवडे, तीस तासिका, नऊ हजार, असे तीन भाग. पहिला हप्ता ९ जूनला. चाचणीचा आठवडा धरून पुढचे तीस तास २५ ऑगस्टला सुरू होतात, तो दुसऱ्याचा दिवस. सहामाही, दसरा आणि दिवाळी मधे येऊन तिसरा भाग २४ नोव्हेंबरला सुरू होतो. असं केलं की कोणत्याही दिवशी पालकानं किती भरलं आणि मुलाला किती मिळालं, हे दोन्ही आकडे समोर राहतात.

स्लाइड ३
"पूर्ण वर्षाची फी : २७,००० रुपये (९० तासिका)
तीन हप्ते : ९ जून, २५ ऑगस्ट, २४ नोव्हेंबर
प्रत्येकी ९,००० रुपये, दर हप्त्यात ३० तासिका
नोट्स, सराव प्रश्नपत्रिका आणि चाचण्या यातच
वर्षभरात फी वाढणार नाही
प्रत्येक हप्त्याची पावती मिळेल"

जीएसटीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही तरी पालक विचारतील. खासगी क्लासवर १८ टक्के जीएसटी आहे, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी करावी लागत नाही. पंधरा मुलांचे तुमचे होतात ४ लाख ५ हजार, त्यामुळे प्रश्न येत नाही. याच फीनं तुमच्याकडे सगळ्या बॅच मिळून ७५ मुलं झाली की मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा स्लाइडवर २७,००० लिहून पावती ३१,८६० ची देऊ नका, करासहितचा आकडाच लिहा. आणि नोंदणी नसताना "जीएसटी वेगळा" म्हणून पैसे घेणं तर बेकायदा आहे.

चौथी स्लाइड बहुतेक जण करतच नाहीत : मुलानं मध्येच सोडलं तर काय. बेंगळुरूत ही वेळ वारंवार येते, कारण इथे बदल्या होतात, घरं बदलतात, वडिलांची नोकरी व्हाइटफील्डला गेली की कुटुंब तिकडे हलतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्ण फी भरून मुलानं मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी आणि अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये, असं म्हटलं आहे. या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलांना कोचिंग सेंटरनं घेऊ नये, असंही आहे. तुमची पंधरा मुलांची खोली त्या व्याख्येत बसत नाही, पण पुढे वाढवायचा विचार असेल तर पन्नासचा आकडा लक्षात ठेवा. शिवाय कर्नाटकात शिकवणी संस्थांच्या नोंदणीचे स्वतःचे नियमही आहेत. ते तुम्हाला लागू होतात का, हे बॅच जाहीर करण्याआधी शिक्षण खात्याच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात विचारून घ्या.

तुम्ही नियमात बसत नसलात तरी परताव्याची रीत मात्र तीच ठेवा, कारण ती न्याय्य आहे आणि तुमच्या हप्त्यांमुळे सोपीही आहे. एका पालकानं जूनमध्ये एकदम २७,००० भरले आणि ऑगस्टच्या शेवटी, तीस तास झाल्यावर, त्यांची पुण्याला बदली झाली. झालेले तीस तास म्हणजे ९,०००, परत द्यायचे १८,०००. दुसऱ्यानं हप्त्यानं भरले होते, तर त्याचं देणंघेणं तिथेच संपतं. पंचेचाळीस तासांनंतर सोडलं आणि दोन हप्ते भरले असतील, तर १८,००० मधून झालेल्या तासांचे १३,५०० वजा जाऊन ४,५०० परत.

स्लाइड ४
"मुलाला मध्येच थांबवावं लागलं तर
न झालेल्या तासिकांचे पैसे (प्रत्येकी ३०० रुपये)
दहा दिवसांत परत"

एवढंच पुरे. इतक्या कमी ओळी पाहून स्लाइड रिकामी वाटेल, तरी तिथे चित्रं भरू नका.

पाचवीवर अभ्यास. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात १४ प्रकरणं आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेचे अंतर्गत गुण २०. पालकाला हे माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते हे, की तुम्ही पुस्तक कधी संपवणार आणि "स्टँडर्ड" गणित शिकवता की "बेसिक". सीबीएसईत या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात आणि एकाच खोलीत दोन्ही मुलं आली तर सरावाची आखणी वेगळी करावी लागते. म्हणून स्पष्ट लिहा.

स्लाइड ५
"गणित स्टँडर्ड, एनसीईआरटीची सर्व १४ प्रकरणं
पुस्तक पूर्ण : १९ डिसेंबरपर्यंत
त्यानंतर सहा आठवडे पूर्ण प्रश्नपत्रिकांचा सराव
शिक्षिका : (तुमचं शिक्षण आणि शिकवण्याची वर्षं, एका ओळीत)"

सहाव्या स्लाइडवर पत्ता, आणि बेंगळुरूत पत्त्यालाही काळजी लागते. "३३वा क्रॉस" एवढं लिहिलं तर तो कोणत्या ब्लॉकचा, हे कळत नाही. ब्लॉक, मेन आणि क्रॉस तिन्ही द्या, जवळची खूण द्या आणि ग्रीन लाइनचं कोणतं स्टेशन चालत किती मिनिटांवर आहे तेही लिहा. जयनगर की आर. व्ही. रोड, ते तुमच्या दारापासून एकदा चालून मोजा. दुचाकी कुठे उभी करायची, पालकांनी मुलाला कोणत्या फाटकाशी सोडायचं, याची एक ओळ. घराच्या दारावरचा नंबर मात्र जाहीर पोस्टवर टाकू नका, भेट ठरली की पाठवा.

शेवटची प्रवेशाची. इथे पालकाला एकच गोष्ट करायला सांगा. "फोन करा, फॉर्म भरा, डीएम करा, बायोतली लिंक पाहा" असं चार वाटांचं सांगितलं की पालक एकाही वाटेनं जात नाही.

स्लाइड ७
"प्रवेशासाठी व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवा :
मुलाचं नाव, शाळा, 'दहावी'
शनिवार, ६ जूनला दुपारी ४ वाजता एक तास विनामूल्य. मूल आणि पालक दोघांनी यावं
फी त्यानंतरच, प्रवेश निश्चित करताना"

फी भरण्याचा क्यूआर कोड स्लाइडवर टाकू नका. चित्र पुढे जात जात कुठे पोचेल यावर तुमचा ताबा नाही, आणि त्यावर दुसऱ्याचा क्यूआर चिकटवून फिरवणं अवघड नाही. कोड भेटीनंतर त्या पालकाला स्वतंत्र पाठवा. जन्मतारीख, आधार, आईवडिलांचा पगार यांतलं काहीही फॉर्ममध्ये विचारू नका. तुम्हाला मुलाचं नाव, शाळा आणि पालकांचा फोन लागतो, तेवढाच घ्या.

फोन नंबर चित्रात असला तरी त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. म्हणून तो पोस्टखालच्या मजकुरातही लिहा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्रांसोबत वेगळ्या मेसेजमध्ये टाका, तिथे तो दाबता येतो. चित्रावरचे फीचे आणि फोनचे आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. इथे वाढलेल्या अनेक मराठी आईवडिलांना देवनागरी अंक सवयीचे नाहीत. चित्राचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल. सगळ्यात लहान अक्षर चाळीस पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. तयार झालं की स्वतःच्या फोनवर, उजेड कमी करून, हाताच्या अंतरावर धरून पाहा.

प्रश्न : याच शिक्षिकेचा पुढचा प्रश्न : "शेवटच्या तीन जागा" आणि मागच्या बॅचच्या मुलांचे फोटो-गुण टाकले तर प्रतिसाद वाढतो असं सगळे सांगतात. टाकू का?

उत्तर : पहिल्याचं उत्तर तुमच्या वहीत आहे. पंधरापैकी बारा मुलांनी खरोखर प्रवेश घेतला असेल, तर "तीन जागा शिल्लक" हे सत्य आहे, लिहा. एकानंही घेतला नसताना लिहिलं तर ती खोटी घाई झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशी बनावट टंचाई आणि बनावट घाई नाव घेऊन मना केली आहे. तोपर्यंत प्राधिकरणानं ४५ नोटिसा काढून १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड केला होता. ही तत्त्वंही पन्नासपेक्षा मोठ्या केंद्रांसाठी आहेत, हे खरं. पण फसवी जाहिरात या गोष्टीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पन्नासची अट नाही.

फोटोंबद्दल त्या तत्त्वांत दोन गोष्टी आहेत आणि त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत. एक, विद्यार्थ्याची लेखी संमती हवी आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. तुमची मुलं तर अठराच्या आतली आहेत, तेव्हा संमती पालकांचीच घ्या. दोन, मुलानं तुमच्याकडे काय आणि किती काळ शिकलं, ते फोटोशेजारी लिहावं. डिसेंबरात फक्त सरावाला आलेल्या मुलाचे ९७ गुण वर्षभराच्या बॅचच्या जाहिरातीवर लावले, तर गुण खरे असूनही जाहिरात खोटी ठरते. "९५ च्या वर गुणांची खात्री" तर कधीच लिहू नका, कारण प्रश्नपत्रिका तुम्ही काढत नाही.

त्याऐवजी मला वाटतं, एक वेगळी ओळ पाचव्या स्लाइडवर टाका : गेल्या बॅचमध्ये किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांनी वर्ष पूर्ण केलं, आणि पहिल्या चाचणीपासून शेवटच्या सरावापर्यंत बॅचची सरासरी किती होती ते किती झाली. हा आकडा कुणाच्याही फोटोशिवाय देता येतो, आणि ज्यांची मुलं तुमच्याकडे येऊन गेली ते पालक ग्रुपवरच असतात, त्यांना तो पडताळता येतो. मागच्या वर्षीच्या चाचण्यांचे गुण जपून ठेवले नसतील, तर यंदाच्या पहिल्या चाचणीपासून ठेवायला लागा आणि ही ओळ पुढच्या जूनच्या कॅरोसेलसाठी राखून ठेवा.

आणि पंधरावं मूल आलं की त्याच दिवशी पहिल्या स्लाइडवर "बॅच भरली" असं लिहून ती ग्रुपवर पुन्हा पाठवा. जुनी स्लाइड सप्टेंबरपर्यंत कुठल्यातरी ग्रुपमध्ये फिरत असते.